पैठणीच्या शूटचे अडकलेले दहा हजार

नाशिकमध्ये मी बरीच वर्षं मेकअप करतेय. त्यातल्या एका शूटचं प्रकरण इथे पूर्ण मांडते, कारण आज मी कुठल्याही कामाआधी जो एक पानी करार पाठवते, त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ त्या दीड दिवसातून आली आहे. फोटोग्राफर आणि दुकान, दोघांचीही नावं देत नाही. दोघंही वाईट माणसं नाहीत. आमच्यात काही लिहिलेलंच नव्हतं, हा खरा घोळ होता.

दसऱ्याच्या आधी कॉलेज रोडवरच्या एका ओळखीच्या फोटोग्राफरचा फोन आला. साड्यांच्या एका दुकानाचं लग्नसराईचं कॅटलॉग होतं. पहिला दिवस पंचवटीतल्या जुन्या वाड्यात आणि गोदाघाटावर, दुसरा अर्धा दिवस येवल्याला विणकराच्या मागावर. दोन मॉडेल, प्रत्येकीचे चार लूक. मी दिवसाचे १२,००० सांगितले, अर्ध्या दिवसाचे ६,०००. “चालेल ताई, डन,” असं तो म्हणाला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन आणि पहाटे सहाचा कॉल टाइम आला. लेखी म्हणावं असं एवढंच. अ‍ॅडव्हान्स मी मागितला नाही, त्यानेही विषय काढला नाही.

पहिल्या दिवशी सहाला पोचले. लाइट नऊला लागले. दुपारी दुकानाच्या मालकांच्या सूनबाई आल्या आणि त्यांचेही फोटो घ्यायचं ठरलं. तिसरा चेहरा, तीन लूक. मालक समोर उभे, सून खुर्चीत येऊन बसलेली, अशा वेळी “याचे वेगळे पैसे होतील” हे वाक्य तोंडातून निघत नाही. ज्यांनी हे काम केलंय त्यांना ते माहीत आहे. आठाचे अकरा लूक झाले. रात्री साडेआठला पॅकअप झालं, म्हणजे साडेचौदा तास. दुसऱ्या दिवशी माझ्याच गाडीने येवल्याला गेले. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरच्या वर, पेट्रोल माझं.

चूक माझ्याकडूनही झाली. पहिल्याच रात्री मी बॅकस्टेजचं रील टाकलं. मॉडेलच्या नऊवारीचा काठ नीट बसत नव्हता, मी तो सावरतेय आणि मागे गजरा माळला जातोय, असं अकरा सेकंदांचं. सुंदर होतं ते. पण ती पैठणी दुकानाने त्या सीझनसाठी खास विणून घेतलेली होती आणि दिवाळीच्या आधी ती कुणाला दिसू द्यायची नव्हती. सकाळी फोटोग्राफरचा चिडलेला फोन आला. रील लगेच काढलं, पण तोवर ते पुष्कळ जणांनी पाहिलेलं होतं.

मग पैशांची गोष्ट सुरू झाली. फोटोग्राफर म्हणे, दुकानाचे पैसे आले की देतो. दुकानात विचारलं तर, आम्ही सगळं पॅकेज फोटोग्राफरला दिलंय, तुमचं त्यांच्याशी बघा. चार महिन्यांनी ८,००० आले. उरलेल्या दहा हजारांबद्दल निरोप आला की तुमच्या रीलमुळे आमचं नुकसान झालं, ते वळते केले. नुकसान किती आणि कसं मोजलं, हे कुणी सांगितलं नाही. मला विचारता येईना, कारण रील न टाकण्याची अट जशी लिहिलेली नव्हती, तसं माझं मानधनही लिहिलेलं नव्हतं.

पण पैशांपेक्षा मला जास्त लागलं ते पुढचं. मार्चमध्ये इंदिरानगरच्या एका पार्लरबाहेर फ्लेक्स दिसला. त्यावर माझा मेकअप, माझा अंबाडा, आणि वर लिहिलेलं, ‘आमचा खास ब्राइडल मेकअप, बुकिंग सुरू’. ते पार्लर दुकानमालकांच्या नात्यातलं होतं. फोटो त्यांनी सहज देऊन टाकले होते.

मी वकिलांकडे गेले तेव्हा पहिला धक्का बसला तो हा की त्या फोटोवर माझा काहीच हक्क नव्हता. आपल्या कॉपीराइट कायद्यात, म्हणजे १९५७ च्या, फोटोचा कर्ता फोटो काढणारा असतो. आणि कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतले असतील, तर उलट काही ठरलेलं नसल्यास पहिला मालक तो पैसे देणारा होतो. कलम १७ मध्ये हे आहे. चेहरा मी घडवला, केस मी बांधले, तरी फोटोच्या मालकीत मेकअप करणाऱ्याची जागा नाही. दुकानाने तो पार्लरला दिला, तर मालकाने आपली वस्तू दिली, एवढाच त्याचा अर्थ. ‘आमचा मेकअप’ हे धडधडीत खोटं होतं, पण एका फ्लेक्ससाठी मी कुणाला किती खेचणार? दुकानात जाऊन बोलले. इन्स्टाग्रामवरचा फोटो त्यांनी हटवला, फ्लेक्स मात्र सीझन संपेपर्यंत तसाच राहिला.

पैशांचं मात्र वकिलांनी वेगळं सांगितलं. तोंडी करारही करारच असतो, १८७२ च्या कायद्याने तो चालतो. थकलेल्या पैशांसाठी तीन वर्षांत दावा लावता येतो. पण काय ठरलं होतं, हे सिद्ध मी करायचं. माझ्याकडे होतं एक लोकेशन आणि “डन” नावाची फोनवरची आठवण. दहा हजारांसाठी कोर्टात जाण्यात माझा धंद्याचा वेळ गेला असता. मी सोडून दिले.

त्यानंतर मी जो कागद तयार केला, तो वर्षभर बदलत गेला. तो पहिल्यांदा पुरता कसाला लागला सराफ बाजारातल्या एका दागिन्यांच्या दुकानाच्या शूटला, म्हणून तेच उदाहरण घेऊन सांगते.

सगळ्यात वरची ओळ दराची नाही. ती अशी आहे: “या कामाचे मानधन मला देण्याची जबाबदारी पुढील व्यक्तीची किंवा फर्मची आहे. त्यांना त्यांच्या ग्राहकाकडून पैसे मिळाले की नाही, याच्याशी या जबाबदारीचा संबंध नाही.” खाली नाव, पत्ता, फोन आणि बिल कुणाच्या नावाने काढायचं ते. शूटमध्ये फोन करणारा एक, काम सांगणारा दुसरा आणि पैसे देणारा तिसरा असतो. या तिघांपैकी कागदावर कोण आहे, हे ठरलं की अर्धं भांडण मिटतं. सराफ बाजारच्या वेळी फोटोग्राफरने स्वतःचं नाव घालायला नकार दिला. बरंच झालं. मग दुकानाचं नाव आलं, बिल थेट दुकानाला गेलं.

दुसरा भाग कामाच्या मापाचा. ‘एक दिवस’ हे माप नाही, हे मी साडेचौदा तासांनी शिकले. आता चेहरे, लूक आणि तास, तिन्ही लिहिते. त्या शूटला दोन मॉडेल, एकूण सहा लूक, कॉल टाइमपासून नऊ तास, मानधन १६,०००. लूक म्हणजे काय तेही एका ओळीत: “डोळे, ओठ किंवा केशरचना यांपैकी काहीही नव्याने करावे लागले तर तो नवीन लूक. साडी किंवा दागिना बदलला आणि फक्त टच-अप झाला तर नाही.” ही व्याख्या नसेल तर टिकली बदलली की नवा लूक म्हणणारी मी, आणि मोकळे केस बांधून अंबाडा केला तरी तोच लूक म्हणणारे ते, असा वाद सेटवर होतो. जास्तीच्या लूकचे १,२०० आणि नऊ तासांनंतर प्रत्येक अर्ध्या तासाचे ५००. कॉल टाइमपासून तास मोजायचे हे स्पष्ट हवं, कारण लाइट उशिरा लागले तरी मी तिथे बसलेलीच असते. शहराबाहेर जायचं असेल तर प्रवासखर्च किती आणि कुणाचा, तेही याच भागात.

सूनबाई खुर्चीत येऊन बसल्या तर काय, याचंही उत्तर त्यात आहे: “शूटच्या दिवशी वाढलेले काम ज्यांच्या नावापुढे ‘सेटवर मंजुरी’ लिहिले आहे त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘मान्य’ असे कळवल्यावर सुरू होईल.” त्या दिवशी खरंच एक लूक वाढला. दुकानाच्या मॅनेजरना मी मेसेज टाकला, “सातवा लूक, १,२००, मान्य?” त्यांनी उभ्या उभ्या ‘मान्य’ टाकलं. मालकांसमोर पैशांचं बोलावं लागलं नाही. मेसेजने जे होतं ते तोंडाने होत नाही.

पैसे तीन टप्प्यांत. ४० टक्के तारीख पक्की करताना, ४० टक्के शूटच्या दिवशी पॅकअपच्या आधी, उरलेले आणि वाढीव कामाचे बिल दिल्यापासून १५ दिवसांत. सराफ बाजारचा हिशेब असा झाला. मूळ १६,०००, एक लूक १,२००, काम साडेदहा तास चाललं म्हणून तीन अर्ध्या तासांचे १,५००. एकूण १८,७००. आधी आणि त्या दिवशी मिळून १२,८०० आले होते, बाकी ५,९०० अकराव्या दिवशी खात्यात जमा झाले. टीडीएस कापणार असतील तर तो किती, हे आधीच विचारून लिहून ठेवते. नाहीतर कमी आलेली रक्कम बघून आपण उगाच भांडायला जातो.

इथे एक गोष्ट आमच्या धंद्यातल्या फार थोड्या मुलींना माहीत आहे. आपण उद्यम नोंदणी केली तर सूक्ष्म उद्योगात मोडतो. ती ऑनलाइन होते आणि फुकट होते. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमई कायद्याने अशा उद्योगाचे पैसे लेखी ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत कितीही लिहिली तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. लेखी काही नसेल तर मुदत १५ दिवसांची धरतात. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. तक्रारीसाठी वेगळी परिषद आहे, तिथे आधी समेट घडवायचा प्रयत्न होतो. पण नोंदणी कामाच्या आधीची हवी. पैसे अडकल्यावर केलेली नोंदणी त्या कामाला उपयोगी पडेल, या भरवशावर राहू नये. माझ्या करारात नावाखाली उद्यम क्रमांक असतो आणि बिलावरही असतो.

रद्द होण्याबद्दल मी सुरुवातीला ‘अ‍ॅडव्हान्स परत मिळणार नाही’ एवढंच लिहायची. वकिलांनी ते बदलायला लावलं. करार मोडल्यावर कायदा वाजवी भरपाई मान्य करतो, दंड म्हणून वाटेल ती रक्कम नाही. म्हणून आता कारण लिहिते: “ही तारीख राखून ठेवल्यामुळे त्या दिवसाची इतर कामे नाकारली जातात.” १५ दिवस आधी कळवलं तर तारीख एकदा फुकट बदलून मिळते. सात दिवसांच्या आत रद्द केलं तर अ‍ॅडव्हान्स माझ्याकडे राहतो. आणि मी येऊ शकले नाही तर पूर्ण अ‍ॅडव्हान्स परत, शिवाय त्यांना चालत असेल तर त्याच दरात दुसरी आर्टिस्ट मी शोधून देणार. ही ओळ असल्याशिवाय वरच्या ओळी मागायला माझं मन धजत नाही.

आता फोटोंच्या वापराचा भाग. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण इथे कायदा माझ्या बाजूने काही देत नाही. जे मिळेल ते करारातूनच मिळेल. होर्डिंगसाठी वेगळे पैसे मागण्याचा रिवाज आपल्याकडे मेकअपवाल्यांत नाही आणि मीही मागत नाही. दुकानाने फोटो कुठेही लावावेत. मी तीन गोष्टी मागते आणि एक देते.

देते ती गुप्तता: “शूटचे कोणतेही फोटो, व्हिडिओ किंवा रील मी दुकानाच्या पहिल्या पोस्टआधी, किंवा शूटपासून ६० दिवस होईपर्यंत, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत प्रसिद्ध करणार नाही.” साठ दिवसांची ओळ विसरू नये. ती नसेल आणि दुकानाने मोहीमच रद्द केली, तर आपलं काम कायमचं फोनमध्ये पडून राहतं. सराफ बाजारचं शूट फेब्रुवारीअखेर झालं होतं, पाडव्याला फोटो येणार होते. दागिने तयार झाले नाहीत म्हणून ते अक्षय्य तृतीयेवर गेले. मालकांनी दोन आठवडे वाढवून मागितले, मी मेसेजवर लिहून दिले. त्यांनी मागितले याचाच मला आनंद झाला. आदल्या वर्षी याच गोष्टीवरून माझे दहा हजार गेले होते.

मागते त्यातलं पहिलं, माझ्या कामाच्या प्रसिद्धीसाठी फोटो वापरायची परवानगी, आणि ते फोटो हातात मिळणं. नुसती परवानगी लिहून घेतली आणि फोटो फोटोग्राफरच्या हार्ड डिस्कमध्येच राहिले, असं माझं एकदा झालंय. म्हणून लिहिते: “सहा अंतिम फोटो, पूर्ण आकारात, पहिल्या पोस्टनंतर दहा दिवसांत.” मालकी दुकानाची असल्याने परवानगी दुकानाची लागते, पण फाइल फोटोग्राफरकडे असते. त्यामुळे या ओळीवर दोघांच्याही सह्या घेते.

दुसरं नाव. समाजमाध्यमांवर फोटो टाकताना मजकुरात माझं हँडल, अक्षर न् अक्षर जसं आहे तसं. स्टोरीतला टॅग मी धरत नाही, तो दुसऱ्या दिवशी जातो. होर्डिंगवर नाव मागत नाही, तिथे ते कुणी देत नाही.

तिसरी ओळ इंदिरानगरच्या फ्लेक्समधून आली: “हे फोटो मेकअप, केशरचना किंवा सौंदर्यसेवा देणाऱ्या अन्य कोणत्याही व्यवसायाला जाहिरातीसाठी देता येणार नाहीत.” दुकानदारांना हिचं काही वाटत नाही, कारण त्यांचं त्यात काही जात नाही. लगेच सही होते. पण एक मर्यादा लक्षात ठेवावी. हा करार सही करणाऱ्यालाच बांधतो. परस्पर फोटो उचलून लावणाऱ्या पार्लरला मी या कागदाने अडवू शकत नाही. मी दुकानाला विचारू शकते आणि मालक म्हणून ते त्या पार्लरला फोटो उतरवायला लावू शकतात.

सराफ बाजारला एक भोक राहिलंच. सकाळी मी एका मॉडेलचा मेकअपआधीचा फोटो घेतला, आधी-नंतरच्या पोस्टसाठी. तिच्या गालावर मुरुमांचे डाग होते आणि त्यावर हिरवट करेक्टरने मी काय केलं, हे दाखवण्यासारखं होतं. करारात फोटो वापरायची परवानगी आहे, असं मी धरून चालले होते. ती शांतपणे म्हणाली, “ताई, दुकानाने हो म्हटलं असेल, पण चेहरा माझा आहे.” बरोबर होतं तिचं. तिने माझ्याशी कुठलाच करार केलेला नव्हता. फोटो मी तिच्यासमोर काढून टाकला. आता पानाच्या खाली मॉडेलसाठी दोन वेगळ्या ओळी आहेत: एक अंतिम फोटोंसाठी, एक मेकअपआधीच्या चेहऱ्यासाठी. दुसरीसमोर बहुतेक जणी ‘नाही’ लिहितात. चालतं.

लग्न, संगीत, गंगापूर धरणाकडच्या रिसॉर्टमधले समारंभ यांना हाच कागद चालतो, पण वापराचा भाग उलटा होतो. तिथे जाहिरात नसते, घरचं कार्य असतं. नवरीचा एकही फोटो तिने लेखी हो म्हटल्याशिवाय नाही, आणि हो म्हटलं तरी लग्न झाल्यावरच. पैसे देणारे वडील असतात आणि ठरवणारी नवरी असते, म्हणून दोघांचीही नावं घेते. आणि उरलेले पैसे मेकअप सुरू करण्याआधी, कारण वरात निघाल्यावर कुणाच्याच खिशात हात जात नाही.

कागद कसा पाठवायचा, हेही लोक विचारतात. मी मराठीत एक पान पीडीएफ करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते आणि खाली लिहिते की ‘वाचले, मान्य’ असं उत्तर आणि अ‍ॅडव्हान्स आला की तारीख पक्की. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झालेला करार माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ ने चालतो. कोर्टात तो दाखवायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून चॅट पुसायची नाही आणि फोन बदलताना बॅकअप घ्यायचा. स्टॅम्प पेपरचं म्हणाल तर महाराष्ट्रात २०२४ च्या ऑक्टोबरपासून साध्या करारालाही शंभरऐवजी पाचशेचा लागतो. एका दिवसाच्या शूटला मी तो वापरत नाही. स्टॅम्प नसला म्हणून करार रद्द होत नाही, पण पुरावा म्हणून मांडताना शुल्क आणि दंड भरावा लागतो. वर्षभराचं काम एकाच दुकानाशी ठरलं तर मात्र मी स्टॅम्पवर करते.

सगळे जण सही करतात असं नाही. दोन फोटोग्राफरनी “एवढ्याशा कामाला कागद?” म्हणून मला बोलावणं बंद केलं. पहिल्या शूटच्या त्या फोटोग्राफरचा मात्र गेल्या सीझनला फोन आला. पान पाठवलं. अर्ध्या तासाने त्याने विचारलं, “ताई, पैसे देणाऱ्याच्या जागी माझं नाव टाकू की दुकानाचं?” मी म्हटलं, बिल ज्याला लागणार त्याचं. त्याने दुकानाचं टाकलं, दुकानाला पाठवलं आणि संध्याकाळी ४० टक्के दुकानाच्या खात्यावरून आले.